घरखर्चाच्या वहीतून किंमत निर्देशांक: भार कसे काढायचे, किमती कशा टिपायच्या, हिशेब कुठे फसतो

मागच्या वर्षी महिन्याला ३०,००० लागायचे आणि यंदा ३२,००० लागतात, म्हणजे महागाई सुमारे ६.७ टक्के झाली, असा हिशेब बरेच जण करतात. तो चुकीचा आहे. खर्च म्हणजे किंमत गुणिले प्रमाण. भाजी महागली म्हणून कमी घेतली, तर किंमत वाढूनही खर्च तेवढाच दिसतो. घरात एक माणूस वाढला, तर किमती जागच्या जागी असूनही खर्च वाढतो. किंमत निर्देशांक विचारतो तो प्रश्न वेगळा असतो: ठरावीक वर्षी जी टोपली घेतली, नेमकी तीच आज घ्यायची झाली, तर किती पट पैसे लागतील?

त्यासाठी टोपलीतल्या प्रत्येक वस्तूचे किलो-लिटर माहीत असावे लागत नाहीत. आधार वर्षात कोणत्या गोष्टीवर किती खर्च झाला आणि तेव्हापासून तिची किंमत किती पट झाली, एवढ्यावर काम भागते. जर्मन अर्थतज्ज्ञ लास्पेयर्स यांनी १८७१ मध्ये मांडलेले सूत्र या रूपात लिहिले की घरच्या वहीतूनही निर्देशांक उभा राहतो. खर्चातला वाटा हा भार, आणि किमतीची पट हे किंमतगुणोत्तर. दोन्हींचा गुणाकार करून बेरीज घेतली की निर्देशांक तयार. गणित एवढेच आहे. चुका होतात त्या गणिताच्या आधी.

टोपलीत काय घ्यायचे, काय नाही

बारा महिन्यांचा खर्च हवा. तीन महिन्यांच्या नोंदींवर भार काढले तर हंगाम आणि सणावारी खर्च त्यांत शिरतो आणि वर्षभर निर्देशांक वाकडा चालतो. वर्षभराच्या नोंदी हाताशी असल्या की आधी त्यांतून उपभोगाबाहेरचे पैसे काढून टाकायचे: बचत, गुंतवणूक, कर्जाच्या मुद्दलाची परतफेड, प्राप्तिकर, कुणाला दिलेली रोख मदत. यांतल्या एकाही गोष्टीला दुकानात ‘किंमत’ नसते, म्हणून त्यांना किंमतगुणोत्तरही नसते.

घर स्वतःचे असेल तर प्रश्न अवघड होतो. कर्जाचा हप्ता म्हणजे घराच्या वापराची किंमत नव्हे. त्यात मुद्दल असते, व्याज असते, आणि व्याजदर बदलला की तो घरभाड्याशी काही संबंध नसताना हलतो. दोन सरळ मार्ग आहेत. तशाच घराला जे भाडे पडले असते ते खर्च म्हणून धरायचे, किंवा निवारा हा गट वगळून देखभाल आणि दुरुस्ती तेवढी ठेवायची. दुसरा मार्ग घेतला तर निर्देशांकाच्या नावातच ‘निवारा वगळून’ असे लिहावे. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नये.

टिकाऊ वस्तू हा दुसरा खड्डा. आधार वर्षात योगायोगाने शीतकपाट घेतले गेले, तर त्याचा भार फुगतो. घेतले नसेल तर भार शून्य होतो. अशा खर्चाची चार-पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला येणारा वाटा धरावा. दर चार वर्षांनी बदलायच्या वस्तूची किंमत चाराने भागली तरी पुरते.

भार

एका घराचा आधार वर्षातला सरासरी मासिक खर्च, वरची सगळी चाळणी लावून, ३०,००० आला असे समजू. चलन कोणतेही असो, खालचे आकडे नुसते आकडे म्हणूनच वाचावेत. त्यातले ९,००० घरभाड्यावर गेले तर भाड्याचा भार ९,००० भागिले ३०,०००, म्हणजे ०.३० किंवा ३० टक्के. बाकी गट याच पद्धतीने.

केस कापणे, वर्तमानपत्र, चप्पल दुरुस्ती असे किरकोळ खर्च उरतात. त्यांच्या किमती दरमहा टिपत बसण्यात अर्थ नसतो. पण त्यांचा खर्च टाकूनही द्यायचा नाही, कारण मग बेरीज १०० होण्यासाठी बाकीचे सगळे भार नकळत फुगतात. त्यांचा भार जवळच्या गटात मिसळावा: चप्पल दुरुस्ती कपड्यांच्या गटात, बसच्या पासाबरोबर सायकलची डागडुजी प्रवासात. याचा अर्थ एवढाच, की त्यांची किंमत त्या गटाबरोबर हलते असे आपण गृहीत धरले.

भारांच्या अचूकतेची चिंता किती करायची? लोक समजतात त्यापेक्षा कमी, पण सगळीकडे सारखी नाही. भाड्याचे दोन टक्के चुकून दुधात गेले, भाडे ४ टक्क्यांनी आणि दूध ५ टक्क्यांनी वाढलेले असेल, तर निर्देशांक फक्त ०.०२ ने चुकतो. तेच दोन टक्के स्थिर राहिलेल्या फोनच्या बिलातून २५ टक्क्यांनी महागलेल्या भाजीत गेले, तर चूक अर्ध्या अंकाची होते. भार महत्त्वाचा तिथे, जिथे किंमत इतरांपेक्षा फार वेगळी हलते. वही तपासायला वेळ थोडा असेल, तर भाजीपाला, इंधन आणि औषधे यांच्या नोंदी आधी तपासाव्यात.

एकाऐवजी अनेक घरांचा निर्देशांक करायचा असेल, तर आणखी एक निवड करावी लागते आणि ती पुष्कळदा नकळत होऊन जाते. एक घर २०,००० खर्च करते आणि त्यातला निम्मा, म्हणजे १०,०००, अन्नावर. दुसरे घर ८०,००० खर्च करते आणि त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे १६,०००, अन्नावर. दोघांचा खर्च एकत्र करून वाटा काढला तर अन्नाचा भार २६ टक्के. आधी प्रत्येक घराचा वाटा काढून मग सरासरी घेतली तर ३५ टक्के. पहिल्या रीतीत जास्त खर्च करणाऱ्याचे मत जास्त मोजले जाते, दुसरीत प्रत्येक घराला एक मत मिळते. एकूण बाजारातला पैसा मोजायचा असेल तर पहिली रीत. वस्तीतल्या सर्वसाधारण घराला महागाई कशी लागते हे पाहायचे असेल तर दुसरी. कोणती घेतली ते लिहून ठेवावे.

एकाच वस्तूची किंमत टिपणे

निर्देशांक सर्वांत जास्त बिघडतो तो इथे. ‘तेल’ असे लिहून चालत नाही. तेलाचा प्रकार, छाप, एक लिटरचे पाकीट की पाच लिटरचा डबा, कोणते दुकान, हे सगळे वर्णन पहिल्याच दिवशी कागदावर असावे. कसोटी साधी आहे: दुसऱ्या माणसाच्या हातात तो कागद दिला तर त्याने नेमकी तीच वस्तू उचलली पाहिजे. किंमतही तीच घ्यायची जी कुणालाही त्या दिवशी द्यावी लागली असती. सवलत सगळ्यांना असेल तर सवलतीची किंमत, ओळखीने मिळालेली सूट असेल तर मूळ किंमत.

टिपलेली प्रत्येक किंमत एका ठरलेल्या मापात बदलून लिहावी. ५०० ग्रॅमचे पाकीट ९० ला मिळत होते, आता त्याच किमतीला ४५० ग्रॅमचे मिळते. पाकिटावरची किंमत पाहिली तर महागाई शून्य. किलोचा भाव मात्र १८० वरून २०० झाला, म्हणजे वाढ ११.१ टक्के. वजनाचा रकाना दरमहा नव्याने भरायचा. मागच्या महिन्याचा आकडा ओढून घेतला की ही वाढ कायमची हरवते.

बिलांच्या बाबतीत घोटाळा जास्त होतो. विजेचे बिल ही विजेची किंमत नाही. उन्हाळ्यात पंखे जास्त चालले की बिल वाढते, दर तेच असतात. शिवाय दर टप्प्यांचे असतात, त्यामुळे जास्त वापर म्हणजे प्रत्येक युनिटचा दरही वरचा. यावर उपाय असा की आधार वर्षातला सरासरी वापर एकदाच ठरवायचा, समजा १५० युनिट, आणि दरमहा चालू दरपत्रकाने त्याच १५० युनिटांचे बिल स्थिर आकार आणि करांसकट मांडायचे. ते काल्पनिक बिल म्हणजे विजेची किंमत. प्रवासाचेही तसेच: ठरलेल्या चार-पाच फेऱ्यांची यादी करून त्यांचे भाडे पाहायचे, महिन्याचा प्रवासखर्च नव्हे. औषधात तेच द्रव्य, तीच मात्रा आणि तेवढ्याच गोळ्या. फोनच्या योजनेत तेवढाच डेटा आणि तेवढेच दिवस. योजना २८ दिवसांची असेल आणि आपण ती महिन्याची समजलो, तर सुरुवातीलाच चूक बसते.

किमती महिन्याच्या त्याच सुमारास टिपाव्यात. ताज्या मालासाठी महिन्यातून एकदा पुरत नाही. निदान दोन, शक्य तर चार वेळा टिपून त्यांची सरासरी घ्यावी.

तीन दुकाने, एक आकडा

खाद्यतेलाचा भाव तीन दुकानांतून घेतला. आधार वर्षाची सरासरी किंमत पहिल्या दुकानात १६०, दुसऱ्यात १५०, तिसऱ्यात १६०. या महिन्यात अनुक्रमे १४४, १४४ आणि १३५. प्रत्येक दुकानाचे गुणोत्तर त्याच दुकानाच्या जुन्या किमतीशी काढायचे: ०.९०, ०.९६ आणि ०.८४३७५. आता या तिघांचा एक आकडा कसा करायचा?

साधी सरासरी ०.९०१२५ येते. गुणोत्तर सरासरी, म्हणजे तिन्हींच्या गुणाकाराचे घनमूळ, बरोबर ०.९० येते. फरक किरकोळ दिसतो, म्हणून तो किरकोळ नसतो तिथे पाहू. एका दुकानात किंमत १०० आहे, दुसऱ्यात १५०. पुढच्या महिन्यात उलट झाले: पहिल्यात १५०, दुसऱ्यात १००. ग्राहकाच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. साधी सरासरी मात्र १.५० आणि ०.६६७ यांची, म्हणजे १.०८३ येते: सव्वाआठ टक्क्यांच्या वर महागाई! त्यानंतरच्या महिन्यात किमती मूळ जागी परतल्या आणि महिन्यामागून महिना साखळी जोडत गेलो, तर पुन्हा १.०८३. दोन महिन्यांत निर्देशांक ११७.४ वर, आणि दुकानांत पाट्या पहिल्या दिवसासारख्याच. गुणोत्तर सरासरी दोन्ही वेळा १ देते.

साध्या सरासरीची ही रीत कार्ली यांची, १७६४ ची, आणि गुणोत्तर सरासरी जेव्हन्स यांच्या नावाने ओळखली जाते. जुन्या पुस्तकातली गंमत म्हणून हे सोडून देता येत नाही. ब्रिटनच्या किरकोळ किंमत निर्देशांकात कार्लीची रीत होती आणि मुख्यतः तिच्यामुळेच त्या निर्देशांकाचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा २०१३ मध्ये गेला. एका वस्तूच्या आत जेव्हन्स वापरावा. स्प्रेडशीटमध्ये सूत्र असे:

```
=GEOMEAN(D2:D4)*100
```

इथे D2 ते D4 मध्ये तीन दुकानांची गुणोत्तरे आहेत. एखाद्या दुकानाची किंमत मिळाली नाही तर तो चौकोन रिकामा ठेवावा, शून्य लिहू नये. शून्य आले की सूत्र चूक दाखवते. एका अर्थी ते बरेच, कारण साधी सरासरी तेच शून्य निमूटपणे गिळते.

गट जोडून निर्देशांक

वस्तूच्या आत गुणोत्तर सरासरी, पण गटांच्या पातळीवर भार लावून अंकगणिती बेरीज. कारण सरळ आहे: गटांचे भार हे खऱ्या खर्चाचे वाटे आहेत, आणि ‘तीच टोपली आज केवढ्याला’ या प्रश्नाचे उत्तर बेरजेनेच निघते. आधार म्हणून एक महिना न धरता संपूर्ण आधार वर्षाची सरासरी किंमत १०० धरावी. खर्च वर्षभराचा आणि किंमत डिसेंबरची असे केले, तर भार एका काळाचे आणि किमती दुसऱ्या काळाच्या होतात. दोन्ही एकाच वर्षाचे असले की हा प्रश्न उरत नाही.

| गट | मासिक खर्च | भार % | किंमतगुणोत्तर | भार × गुणोत्तर |
|---|---|---|---|---|
| घरभाडे | ९,००० | ३० | १०४ | ३१.२० |
| धान्य व डाळी | ३,६०० | १२ | १०८ | १२.९६ |
| भाजीपाला व फळे | ३,६०० | १२ | १२५ | १५.०० |
| दूध | २,४०० | ८ | १०५ | ८.४० |
| खाद्यतेल | १,२०० | ४ | ९० | ३.६० |
| वीज व गॅस | २,७०० | ९ | ११० | ९.९० |
| प्रवास | ३,००० | १० | १०६ | १०.६० |
| औषधे | १,५०० | ५ | ११२ | ५.६० |
| फोन व इंटरनेट | ९०० | ३ | १०० | ३.०० |
| कपडे व पादत्राणे | २,१०० | ७ | १०३ | ७.२१ |
| एकूण | ३०,००० | १०० | | १०७.४७ |

निर्देशांक १०७.४७. तक्त्यात B रकान्यात भार आणि C मध्ये गुणोत्तरे असतील तर:

```
=SUMPRODUCT(B2:B11,C2:C11)/SUM(B2:B11)
```

शेवटचा भागाकार मुद्दाम ठेवला आहे. भारांची बेरीज कधी ९९.९ किंवा १००.१ झाली तरी निकाल बिघडत नाही. गणित सुरू असताना आकडे पूर्णांकात आणू नयेत. छापताना एक दशांश पुरतो.

नवख्याकडून हमखास होणारी चूक म्हणजे भाराने गुणोत्तराला न गुणता थेट किमतीला गुणणे. मग ९,००० चे भाडे आणि १६० चे तेल एकाच बेरजेत येतात आणि भाडे सगळ्यांना गिळून टाकते. ही चूक ओळखायची खूण अशी: तेलाचे माप लिटरवरून मिलिलिटरवर नेले तर निर्देशांक बदलतो का पाहा. बदलला तर सूत्र चुकले. गुणोत्तराला माप नसते.

आणखी दोन तपासण्या मिनिटभरात होतात. सगळी गुणोत्तरे १०० केली तर निर्देशांक बरोबर १०० यायला हवा. आणि निर्देशांक नेहमी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या गुणोत्तरांच्या मध्ये असतो, इथे ९० आणि १२५ यांच्यात. तिसरी तपासणी आधार वर्षाची: त्या बारा महिन्यांच्या निर्देशांकांची सरासरी १०० च्या अगदी जवळ, गुणोत्तर सरासरीमुळे किंचित खाली, यायला हवी. १०३ आली तर कुठल्या तरी वस्तूची आधार किंमत चुकीची आहे.

आकडा वाचणे

१०७.४७ याचा अर्थ ‘या वर्षी ७.४७ टक्के महागाई’ असा नाही. आधार वर्षाच्या सरासरीपेक्षा किमती तेवढ्या वर आहेत, इतकेच. वार्षिक दर काढायचा तर मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना करावी. तेव्हा निर्देशांक १०१.२ होता असे धरले, तर १०७.४७ भागिले १०१.२ म्हणजे १.०६२, वार्षिक दर ६.२ टक्के. नुसती वजाबाकी ६.२७ येते. ते अंक आहेत, टक्के नव्हेत. निर्देशांक १०० पासून जसजसा दूर जाईल तसतशी ही गल्लत मोठी होत जाते: १८० वरून १८९ वर गेला तर वाढ ९ अंकांची, पण ५ टक्क्यांची.

वाढ कुठून आली हे पाहायला प्रत्येक गटाच्या गुणोत्तरातून १०० वजा करून भाराने गुणावे. भाजीपाला ३.०० अंक, भाडे १.२०, धान्य ०.९६, वीज-गॅस ०.९०, प्रवास आणि औषधे प्रत्येकी ०.६०, दूध ०.४०, कपडे ०.२१, फोन शून्य, तेल उणे ०.४०. बेरीज ७.४७. भाड्याचा भार भाजीच्या अडीचपट आहे, तरी वाढीत भाजीचा हिस्सा भाड्याच्या अडीचपट, म्हणजे एकूण वाढीच्या ४० टक्के. भाजीत २५ टक्क्यांची उसळी हंगामी असू शकते, म्हणून भाजी-फळे वगळूनही एक आकडा ठेवावा: १०७.४७ मधून १५ वजा केले की ९२.४७, भागिले उरलेला भार ०.८८, म्हणजे १०५.१. दोन्ही आकडे शेजारी असले की वाढ पसरलेली आहे की एका गटात साचलेली, हे लगेच कळते.

वस्तू मिळेनाशी होते तेव्हा

भाजीच्या गटात तीन भाज्या होत्या. मागच्या महिन्यात किमती ४०, ५० आणि ६०. या महिन्यात पहिली ४४, दुसरी ६०, तिसरी बाजारातच नाही. सोपा वाटणारा मार्ग म्हणजे तिसरीची जुनीच ६० किंमत पुढे ओढणे. तसे केले की तिचे महिन्याचे गुणोत्तर १ धरले जाते आणि तिघांची गुणोत्तर सरासरी १.०९७ येते. पण जी वस्तू मिळतच नाही, तिची किंमत स्थिर राहिली असे म्हणायला आधार काय? मिळालेल्या दोन भाज्यांची सरासरी वाढ १.१४९ आहे. तिसरीही तेवढीच हलली असे धरून तिची अंदाजी किंमत ६० गुणिले १.१४९, म्हणजे ६८.९ लिहावी आणि शेजारी ‘अंदाज’ अशी खूण करावी. परतल्यावर ती ७५ ला मिळाली, तर त्या महिन्यातली वाढ ६८.९ वरून मोजली जाईल, जवळपास ९ टक्के. जुनी किंमत ओढत नेली असती तर एकदम २५ टक्क्यांची खोटी उडी दिसली असती, आणि आधीचे महिने खोटे शांत.

छाप बंद होऊन त्या जागी दुसरा येतो, तेव्हा प्रकरण वेगळे. जुना ८० ला आणि नवा १०० ला, दोन्ही एकाच महिन्यात मिळत असतील, तर तोच महिना पकडावा. पुढच्या महिन्यात नवा १०५ झाला तर वाढ १०५ भागिले १००, म्हणजे ५ टक्के. १०५ ला ८० ने भागून ३१ टक्के महागाई दाखवणे म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंमधला फरक किमतीच्या माथी मारणे. यामागे गृहीतक आहे की त्या महिन्यातला २० चा फरक गुणवत्तेचा होता. ते नेहमी खरे नसते: कधी नव्या वेष्टनात तीच वस्तू चढ्या भावाने येते. घटक आणि वजन तपासून वस्तू तीच आहे अशी खात्री पटली, तर पूर्ण वाढ मोजावी.

नोंद झाल्याबरोबर एक चाळणी लावावी. महिन्याभरात ०.७ च्या खाली किंवा १.४ च्या वर गेलेले प्रत्येक गुणोत्तर पुन्हा तपासायचे. गुणोत्तर ०.५ किंवा २ च्या आसपास असेल तर बहुतेक वेळा कुणीतरी अर्ध्या किलोची किंमत किलोच्या रकान्यात लिहिलेली असते. १० च्या आसपास असेल तर एक शून्य जास्त पडलेले. उरलेल्या किमती खऱ्या असतात आणि त्या तशाच ठेवायच्या. विचित्र दिसते म्हणून किंमत गाळली, तर निर्देशांक नेमक्या गरजेच्या महिन्यात आंधळा होतो.

भार जुने होतात तेव्हा

आधार वर्षाचे भार घट्ट धरून बसलो की एक कल हळूहळू शिरतो. महागलेली वस्तू लोक कमी घेतात आणि स्वस्त पर्यायाकडे वळतात, पण टोपली जुनीच असते. म्हणून ही रीत महागाई थोडी जास्त दाखवते. पाशे यांचे १८७४ चे सूत्र चालू काळाची टोपली धरते आणि उलट बाजूला झुकते, पण त्याला दर महिन्याचा ताजा खर्च लागतो, जो वेळेवर हाती येत नाही. व्यवहारात उपाय म्हणजे भार वेळोवेळी नवे करणे: घरगुती निर्देशांकासाठी दोन-तीन वर्षांनी, आणि घर बदलले, मूल शाळेत जायला लागले अशा वेळी लगेच.

नवे भार लावताना जुनी मालिका फेकायची नसते आणि नव्या भारांनी मागचे सगळे पुन्हा गणायचेही नसते. एक जोडमहिना निवडायचा, ज्यात दोन्ही टोपल्यांच्या किमती आहेत. त्या महिन्यात जुना निर्देशांक ११२.४ आहे. नवी मालिका त्याच महिन्यात १०० धरून सुरू करायची. नवे भार वर्षभराच्या खर्चाचे असतात आणि जोडमहिना त्यानंतरचा, म्हणून आधी प्रत्येक भाराला त्या वर्षाच्या सरासरीपासून जोडमहिन्यापर्यंतच्या किंमतगुणोत्तराने गुणून, बेरीज पुन्हा १०० करून घ्यावी. एका गटाचा भार १२ असेल, त्याच्या किमती मधल्या काळात २० टक्क्यांनी वाढल्या आणि बाकीच्या जागच्या जागी राहिल्या, तर १२ चे १४.४ होतात, एकूण १०२.४, आणि नवा भार १४.०६. पुढच्या महिन्यात नवी मालिका १०१.५ झाली की छापायचा आकडा ११२.४ गुणिले १.०१५, म्हणजे ११४.१. जोडमहिना शक्यतो शांत निवडावा. भाजी कडाडलेल्या किंवा मोठ्या सवलती चालू असलेल्या महिन्यात जोड दिला, तर तो वेडावाकडा महिना नव्या भारांत कायमचा गोठतो.

जोडणीनंतर गटांच्या योगदानांची वर दाखवलेली सरळ बेरीज जुळत नाही, कारण जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे भार वेगळे असतात. वर्षभराच्या वाढीचा वाटा काढायचा तर तो दोन तुकड्यांत काढावा: जोडमहिन्यापर्यंत जुन्या भारांनी, आणि पुढचा नव्या भारांनी काढून त्याला ११२.४ भागिले १०० ने गुणावे. मग दोन्ही तुकड्यांच्या अंकांची बेरीज घेऊन तिला मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या निर्देशांकाने भागावे. ही बेरीज वार्षिक दराशी जुळली नाही, तर जोडताना एखादा गट दोनदा मोजला गेला आहे किंवा सुटला आहे.